अगस्तींनी लावला गाण्याचा पत्ता

माझी भाची लंडनला असते. तिथल्या मराठी कुटुंबांच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात एका काकूंनी गाणं म्हटलं आणि हिला रडू आवरेना. यंदाही इकडे येणं जमलं नव्हतं ना! केंदूरला मला फोन आला, "मावशी, त्यात सुख, पिंजरा, अगस्ती असं काहीतरी होतं. कुठलं गं ते?"

मैत्रिणींनो, स्वातंत्र्यदिनाची गाणी ढीगभर. पिंजराही पुष्कळ गाण्यांत असतो. पण अगस्ती? हे ऋषी एका आचमनात समुद्र प्यायले, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. म्हणजे गाण्यात कुणीतरी समुद्राला अगस्तींची भीती घालतंय! परदेशात अडकून समुद्रावर रागावलेलं गाणं म्हणजे सावरकरांचं 'सागरा प्राण तळमळला'. परत नेण्याचं वचन देऊन समुद्रानं फसवलं, ही त्यातली तक्रार. १९०९ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांना ते सुचलं.

'सुख' मात्र कुठे बसेना. छापील कविता काढली, तर तिथे 'शुक', म्हणजे पोपट! पिंजऱ्यातला पोपट. गाताना 'श'चा 'स' ऐकू येतो आणि जुना शब्द ओळखीचा नसला की कान ओळखीचा शब्द बसवतो. म्हणून शोधताना आधी दुर्मिळ शब्द धरावा, आणि न जुळणारा शब्द जवळच्या उच्चारानं म्हणून बघावा.

शेवटची खूण चालीची. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं गाणं फोनवर ऐकवलं. पहिल्याच ओळीला ती म्हणाली, "हेच गं मावशी!"