एकच रेषा, दोन वाटा : मोजमापांतून नियम काढताना

वय वाढते तशी मुलाची उंची वाढते, हे अंगणवाडीच्या नोंदवहीतही दिसते. पण वर्षाला किती वाढते, हे एका आकड्यात सांगायचे तर नोंदींमधून एक सरळ रेषा काढावी लागते. या पद्धतीला लिनिअर रिग्रेशन म्हणतात. मराठी परिभाषेत ते रेषीय समाश्रयण. ही रेषा काढण्याच्या दोन वाटा आहेत आणि कोणती कधी घ्यावी, हे वैद्यकीय संशोधनातही कळीचे ठरते.

हिशोब हाताने करता यावा म्हणून तीनच मुले घेऊ. वये २, ४ आणि ६ वर्षे. उंची ८४, १०० आणि ११३ सेंटिमीटर. ही मुले काल्पनिक आहेत. प्रत्येक मुलाची खरी उंची आणि रेषेने सांगितलेली उंची यांतल्या फरकाचा वर्ग करायचा. या वर्गांची बेरीज सर्वांत कमी येईल ती रेषा आपली.

पहिली वाट थेट सूत्राची. तिला नॉर्मल इक्वेशन म्हणतात. सरासरी वय ४, सरासरी उंची ९९. वयाचे सरासरीपासूनचे अंतर उणे २, ०, २. उंचीचे उणे १५, १, १४. जोड्यांचे गुणाकार करून बेरीज येते ५८, वयाच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ८. ५८ भागिले ८ म्हणजे ७.२५. म्हणजे उंची = ७० + ७.२५ × वय. एका दमात उत्तर मिळाले.

दुसरी वाट चाचपडत जाण्याची, म्हणजे ग्रेडियंट डिसेंट. दोन्ही आकडे शून्य धरून सुरुवात करायची, चूक कोणत्या दिशेने कमी होते ते पाहायचे, त्या दिशेने छोटे पाऊल टाकायचे आणि पुन्हा पाहायचे. याच तीन मुलांसाठी पाऊल ०.०२ ठेवले, तर उत्तराच्या ०.१ इतके जवळ यायला सुमारे ८०० पावले लागतात. पाऊल ०.०४ केले, तर चूक कमी होण्याऐवजी दर फेरीला वाढतच जाते. पाऊल मोठे झाल्याची खूण हीच.

गंमत पुढेच आहे. वय वर्षांऐवजी महिन्यांत लिहिले, म्हणजे २४, ४८, ७२, तर पाऊल ०.०००२ इतके बारीक ठेवावे लागते आणि पावले जवळपास ७६ हजारांवर जातात. याउलट वर्षांतल्या वयातून आधी सरासरी वजा केली आणि पाऊल ०.२ ठेवले, तर नऊ पावलांत काम होते. थेट सूत्राला या बदलांचा काहीच त्रास होत नाही.

मग दुसरी वाट हवी कशाला? अडचण नोंदींच्या संख्येची नाही, रकान्यांच्या संख्येची आहे. लाखो नोंदी असल्या तरी सूत्र त्यांच्यावरून एकदाच फिरते. पण त्याला रकाने गुणिले रकाने एवढा तक्ता मांडून सोडवावा लागतो. दहा हजार रकान्यांचा तक्ता ८० कोटी बाइट घेतो. एक लाख रकान्यांचा त्याच्या शंभरपट. जनुकांच्या अभ्यासात रकाने लाखांत असतात. तिथे चाचपडत जाणेच परवडते.

आरोग्य पाहण्यांत मात्र रकाने मोजकेच असतात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून सुमारे ८०० गरोदर मातांचे वजन, आहार आणि बाळांचे जन्मवजन मोजले. एवढ्या माहितीला थेट सूत्र पुरते, आणि त्याचा आणखी एक फायदा आहे.

समजा, कुणी तीन रकाने भरले : गरोदरपणापूर्वीचे वजन, शेवटचे वजन आणि वाढलेले वजन. तिसरा रकाना पहिल्या दोघांची वजाबाकीच आहे. पहिल्याचा गुणक १० ने वाढवा, दुसऱ्याचा १० ने घटवा, तिसऱ्याचा १० ने वाढवा. अंदाज तोच राहतो. अशा वेळी एकच एक उत्तर अस्तित्वात नसते. थेट सूत्रात भागाकार शून्याने येतो आणि गणित अडते, किंवा दशांशांच्या काटछाटीमुळे भलतेच प्रचंड गुणक येतात. दोन्ही पाहून संशय यावा. चाचपडणारी वाट मात्र मुकाट एक नीटनेटके उत्तर देते, आणि ते सुरुवात कुठून केली यावर ठरते.

त्या गुणकावरून ‘गरोदरपणात वजन इतके वाढवा’ असा सल्ला निघाला, तर तो योगायोगावर उभा असेल. ओळखायचे कसे? दोन वेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून पाहावी. अंदाज सारखे आणि गुणक वेगळे आले, तर कोणता तरी रकाना दुसऱ्यांची नक्कल करतो आहे. तो आधी काढावा, मगच आईला काय सांगायचे ते ठरवावे.