उतारा समजला, तरी उत्तर चुकलं: असं का होतं?

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी एकच तक्रार लिहिली होती. व्याकरणाचे प्रश्न पाठ करून सुटतात, पण उताऱ्यावरच्या प्रश्नांत मार्क जातात आणि का गेले ते कळतच नाही. मराठी तर आपली मातृभाषा, उतारा वाचला, समजला, मग चुकलं कुठे? आजचा अख्खा भाग त्यावरच आहे. रिक्षात किंवा लोकलमध्ये ऐकत असाल तर ठीक, पण मध्ये एक उतारा येईल, तिथे पॉज करून स्वतः उत्तर द्या. नाहीतर मजा नाही.

उदाहरणासाठी तलाठी भरती घेऊ. २०२३ च्या परीक्षेत १०० प्रश्न होते, २०० गुण आणि दोन तास. त्यातले २५ प्रश्न मराठीचे, म्हणजे ५० गुण. दोन तासांत १०० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. उताऱ्यावर पाच प्रश्न आले, तर वाचन धरून सहा मिनिटं तुमच्या वाट्याला येतात. समानार्थी शब्द, म्हणी वगैरे वीस-पंचवीस सेकंदांत उरकतात, त्यामुळे थोडा वेळ तिथून वाचतो. म्हणजे वेळ अगदीच कमी नाही. माझ्या मते बहुतेकांचा घोळ वेळेचा नसतोच, पर्याय वाचण्याचा असतो. उतारा आपण नीट वाचतो आणि पर्याय मात्र घाईत.

हा उतारा मीच तयार केलाय, परीक्षेतल्या भाषेत. पॉजची तयारी ठेवा.

"विहीर पुनर्भरण म्हणजे शेतातून वाहून जाणारे पावसाचे पाणी वळवून विहिरीत सोडणे. हे पाणी गढूळ असल्यामुळे ते थेट विहिरीत सोडल्यास गाळ तळाशी साचतो आणि झरे बुजण्याची शक्यता असते. म्हणून विहिरीजवळ खड्डा घेऊन त्यात दगड, खडी आणि वाळूचे थर रचतात. त्यातून गाळलेले पाणी पाइपने विहिरीत जाते. पावसाळ्यापूर्वी ही वाळू साफ केली नाही, तर गाळणीच चोंदते. पुनर्भरणामुळे त्या विहिरीची पातळी वाढतेच असे नाही. सच्छिद्र खडकात पाणी आजूबाजूला पसरते आणि त्याचा लाभ शेजारच्या विहिरींनाही मिळू शकतो. रासायनिक खतांचा जास्त वापर असलेल्या शेतातील पाणी मात्र पुनर्भरणासाठी टाळावे, कारण वाळूची गाळणी विरघळलेली रसायने अडवू शकत नाही."

पहिला प्रश्न. उताऱ्यानुसार खड्ड्यात दगड, खडी आणि वाळूचे थर कशासाठी रचतात?
१) पाणी पूर्णपणे शुद्ध करण्यासाठी
२) गाळ विहिरीत जाऊ नये म्हणून
३) वाहत्या पाण्याचा वेग कमी करण्यासाठी
४) रासायनिक खते अडवण्यासाठी

उत्तर २. आता आपलं काम बरोबर उत्तराशी कमी आणि चुकलेल्या तीन पर्यायांशी जास्त आहे, कारण ते तीन उगाच लिहिलेले नसतात. पर्याय १ मध्ये 'पूर्णपणे' हा शब्द बघा. पाणी गाळलं जातं हे खरं, पण पूर्ण शुद्ध होतं असं उतारा कुठेच म्हणत नाही. म्हणजे खरी गोष्ट ताणून मोठी केली. पर्याय ४ मध्ये शब्द थेट उताऱ्यातले आहेत, रासायनिक, अडवणे, सगळं. पण उतारा त्याच्या बरोब्बर उलट सांगतो. घाईत डोळा ओळखीच्या शब्दावर जातो आणि बोट तिथेच पडतं.

पर्याय ३ सगळ्यात वाईट, कारण तो प्रत्यक्षात खराही असू शकतो. ज्याने शेतात असा खड्डा पाहिलाय तो म्हणेल, अरे, पाण्याचा जोर तिथे कमी होतोच की! होत असेल. पण उताऱ्यात ते वाक्य नाही. 'उताऱ्यानुसार' हा शब्द प्रश्नात असला की आपलं शेत, आपलं वाचन, कालचं चालू घडामोडींचं पुस्तक, सगळं बाहेर ठेवायचं. गंमत म्हणजे विषयाची माहिती असलेला मुलगा इथे जास्त चुकतो. कृषी पदवीवाल्याला शेतीचा उतारा आला की तो डोक्यातून उत्तर देतो, स्क्रीनवरून नाही.

दुसरा प्रश्न. यावर जरा थांबूया, कारण मराठीच्या पेपरची खरी खोड इथे आहे. उताऱ्यानुसार योग्य विधान निवडा.
१) पुनर्भरणामुळे त्या विहिरीची पातळी वाढते.
२) पुनर्भरणामुळे त्या विहिरीची पातळी वाढत नाही.
३) पुनर्भरण करूनही त्या विहिरीची पातळी न वाढण्याची शक्यता असते.
४) पुनर्भरणाचा लाभ शेजारच्या विहिरींनाच मिळतो.

उताऱ्यातलं वाक्य काय होतं? 'वाढतेच असे नाही.' बोलताना आपण हे इतकं सहज म्हणतो की डोक्यात त्याचं 'वाढत नाही' होऊन जातं, आणि मग पर्याय २ वर टिक. पण 'वाढतेच असे नाही' म्हणजे वाढेल किंवा वाढणार नाही, खात्री नाही. नकार पातळी वाढण्याला नाही, त्या 'च'ला आहे. म्हणून उत्तर ३.

पर्याय ४ तर निव्वळ एका अक्षराचा खेळ आहे. उताऱ्यात 'विहिरींनाही' आहे, पर्यायात 'विहिरींनाच' आहे. 'ही' म्हणजे यांना आणि आणखी कुणालातरी. 'च' म्हणजे फक्त यांना, दुसऱ्या कुणाला नाही. शिवाय उताऱ्यात 'मिळू शकतो' आहे आणि पर्यायात थेट 'मिळतो'. शक्यतेचं विधान पर्यायात खात्रीचं झालं. इंग्रजीत अशा ठिकाणी वेगळा शब्द येतो, तो डोळ्यांना दिसतो. मराठीत तो शब्दाच्या शेपटीला चिकटलेला असतो, म्हणून निसटतो.

यासाठी मी एक सवय सुचवेन. पर्याय वाचताना मनातल्या मनात 'च', 'ही', 'फक्त', 'सर्व', 'काही', 'नेहमी', 'शकतो' यांवर जोर देऊन वाचा. ऑनलाइन परीक्षेत उताऱ्याखाली रेघ मारता येत नाही, पण कच्च्या कामाच्या कागदावर 'च' किंवा 'शकतो' एवढं लिहायला दोन सेकंद लागतात. फक्त एक लक्षात ठेवा. काही क्लासमध्ये सरसकट सांगतात की 'फक्त' किंवा 'सर्व' असलेला पर्याय चूकच असतो. तसं नाही. उताऱ्यातच 'सर्व' असेल तर पर्यायातला 'सर्व' बरोबर असणार. जोर किती आहे ते दोन्हीकडे ताडून बघायचं, शब्द बघून पळायचं नाही.

शीर्षकाचा प्रश्न लवकर उरकतो. 'पाणीटंचाई: एक समस्या', 'वाळूची गाळणी', 'विहीर पुनर्भरण: पद्धत आणि दक्षता', 'रासायनिक खतांचे दुष्परिणाम' असे चार पर्याय धरा. पहिलं शीर्षक उताऱ्यापेक्षा मोठं आहे, टंचाईचा तर शब्दही आलेला नाही. दुसरं आणि चौथं एकेका भागापुरतं. उताऱ्याच्या सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य दोन्ही ज्याच्या पोटात मावतात ते घ्यायचं, म्हणजे तिसरं.

आता सरावाकडे येऊ. माझा मावसभाऊ याच भरतीच्या तयारीला होता. तो रोज एक अग्रलेख वाचायचा आणि आठवड्याला दोन मॉक टेस्ट द्यायचा. मार्क बघायचा, हळहळायचा, पुढची टेस्ट. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, मला ते बघवेना. बिल्ड फेल झाली एवढंच वाचून लॉग न उघडता पुन्हा रन करण्यासारखं होतं ते. मग आम्ही एक शंभर पानी वही केली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला तीन ओळी: मी काय निवडलं, निवडताना मनात काय आलं, आणि उताऱ्यातलं कोणतं वाक्य त्याला खोटं ठरवतं. शेवटी एक खूण. 'ता' म्हणजे ताणलेलं, 'उ' म्हणजे उलट, 'घ' म्हणजे घरचं ज्ञान, 'श' म्हणजे शब्दाचा अर्थच माहीत नव्हता.

दुसरी ओळ लिहायला त्याला सगळ्यात जास्त जड गेलं. 'घाईत चुकलं' असं लिहायचा. ते चालणार नाही म्हटलं, घाईत तर चारही पर्याय होते, हाच का वाटला ते लिही. तीन आठवड्यांनी वही चाळली तेव्हा निम्म्याहून जास्त खुणा 'घ' होत्या. आणि हे त्याला मार्कांवरून कधीच कळलं नसतं. त्यानंतर त्याने एकच बदल केला. उत्तरावर क्लिक करण्याआधी उताऱ्यातल्या वाक्यावर माउसचा बाण नेऊन ठेवायचा. वाक्य सापडलं नाही तर तो पर्याय बाद. सुरुवातीला यात वेळ गेला, एका उताऱ्याला आठ-नऊ मिनिटं लागायची. म्हणून पहिले दोन आठवडे घड्याळ लावूच नका, नंतर सहा मिनिटांवर या.

तुमच्या खुणा मुख्यतः 'श' असतील तर मात्र ही वही फार उपयोगाची नाही. तिथे शब्दच वाढवावे लागतील. त्यासाठी बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मराठी विश्वकोशातल्या नोंदीही ऑनलाइन आहेत. विश्वकोशाची भाषा परीक्षेतल्या माहितीपर उताऱ्यांच्या जवळची वाटते मला. अग्रलेखात मत असतं, टोमणा असतो, ते वेगळं वाचन आहे.

आणखी एक सराव, मला स्वतःला आवडणारा. नोंदीतला एक परिच्छेद घ्या आणि स्वतः प्रश्न काढा. बरोबर पर्याय लिहायला अर्धं मिनिट लागतं. मग एक 'ता', एक 'उ' आणि एक 'घ' पर्याय बनवा. मित्राला सोडवायला द्या. तो फसला तर तुम्ही पेपर काढणाऱ्याच्या खुर्चीत बसलात असं समजा. अभ्यासिकेत तिघे-चौघे असाल तर चहाच्या वेळेत हे होतं.

जाता जाता एक प्रश्न त्याच उताऱ्यावर. उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष काढता येणार नाही?
१) वाळूची गाळणी चोंदू शकते.
२) एकाच्या पुनर्भरणाचा फायदा दुसऱ्या शेतकऱ्यालाही होऊ शकतो.
३) गाळणीतून आलेले पाणी पिण्यायोग्य असते.
४) गढूळ पाणी थेट सोडल्यास झऱ्यांना धोका असतो.

अशा 'नाही'वाल्या प्रश्नात पहिला पर्याय खरा दिसला की हात शिवशिवतो आणि प्रश्न काय होता हेच विसरायला होतं. कागदावर आधी मोठा 'नाही' लिहा, मग प्रत्येक पर्यायापुढे 'आहे' किंवा 'नाही' अशी खूण करा. इथे तिघांपुढे 'आहे' येईल. तुमचं उत्तर ३ आलं असेल तर बरोबर. १ आलं असेल, तर वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि हीच नोंद करा.