एकच निरोप, तीन माणसं

आजचा विषय छोटा आहे, पण मला तो निवृत्तीनंतर शिकावा लागला. फौजेत कोणाला कसं लिहायचं हे ठरलेलं होतं. बाहेर आल्यावर मी इंदूरला इमारतींच्या सुरक्षेचं काम पाहू लागलो आणि सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर आला. तिथे मी एकच निरोप तिघांना जसाच्या तसा पाठवला.

एका सोसायटीत फायर अलार्मची चाचणी सकाळी १० ला ठरली होती. त्या पॅनेलला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. वीज गेली की त्यांच्यावरच अलार्म चालतो. आदल्या संध्याकाळी दोन्ही उतरल्याचं कळलं. मी लिहिलं : ‘उद्याचं टेस्टिंग ११.३० ला. बॅटऱ्या गेल्यात, आपल्याला नव्या घ्याव्या लागतील.’ हा निरोप बरोबरच्या सहकाऱ्याला, आमच्या संचालकांना आणि सोसायटीच्या मराठी सेक्रेटरींना गेला.

सहकाऱ्याने अंगठा दाखवला. संचालकांनी विचारलं, ‘म्हणजे खर्च आपला?’ सेक्रेटरी काहीच बोलले नाहीत. बिल गेल्यावर मात्र बोलले, ‘आपल्याला म्हणजे तुमच्या कंपनीला, असं मी समजलो.’ त्यांचं काय चुकलं? मराठीत ‘आपण’चे दोन अर्थ होतात. एक ‘तुम्ही’, आदराने. दुसरा ‘तुम्ही आणि मी मिळून’. मी आदर दाखवायला गेलो आणि पैसे कोणी द्यायचे तेच पुसलं गेलं. बिल आम्हाला सोडावं लागलं.

तेव्हापासून निरोप पाठवण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. या माणसाला आधीचं किती माहीत आहे? आणि हा निरोप वाचून त्याने नेमकं काय करायचं आहे? किती औपचारिक व्हायचं ते या दोन उत्तरांतून ठरतं. पद आणि वय त्यानंतर.

सहकाऱ्याला सगळं माहीत आहे. त्याला फक्त वेळ आणि काम हवं : ‘अरे, उद्या १० नाही, ११.३०. येताना १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घेऊन ये.’ इथे ‘कृपया नोंद घ्यावी’ लिहिलंत तर तो विचारेल, ‘रागावलायस का?’ रोजच्या ‘अरे’वरून एकदम ‘आपण’वर येणं म्हणजे मराठीत अंतर दाखवणंच असतं.

वरिष्ठाला थोडं माहीत असतं, आणि त्याच्याकडून बहुधा निर्णय हवा असतो : ‘सर, उद्याची चाचणी ११.३० ला घेतोय. पॅनेलच्या दोन्ही बॅटऱ्या उतरल्या आहेत. देखभाल करारात बॅटऱ्या धरलेल्या नाहीत. वेगळं बिल करू का? आज ८ पर्यंत कळवा, म्हणजे सेक्रेटरींना सांगता येईल.’ भाषा रोजचीच आहे, ‘सर’ एकदाच आहे. औपचारिकपणा मांडणीत आहे : काय झालं, काय ठरवायचं, केव्हापर्यंत. ‘सविनय’ वगैरे घातल्याने निर्णय लवकर येत नाही.

ग्राहकाला सगळ्यात कमी माहीत असतं. शिवाय त्याचा निरोप पुढे जातो. सेक्रेटरी तो कमिटीच्या ग्रुपवर टाकणार, तिथले लोक तुम्हाला ओळखतही नाहीत. म्हणून पूर्ण वाक्यं, आणि खर्चाबद्दल वरिष्ठांचं उत्तर आल्यावरच : ‘नमस्कार. अलार्मची उद्याची, बुधवारची चाचणी १० ऐवजी ११.३० ला होईल. पॅनेलच्या दोन्ही बॅटऱ्या उतरल्या आहेत. त्या आम्ही आणून बसवू, त्यांचा खर्च सोसायटीकडे राहील. चालेल का, ते आज रात्री ९ पर्यंत कळवाल का?’ यात ‘आपण’ कुठेच नाही. ‘आम्ही’ आणि ‘सोसायटी’ आहे. ‘कळवा’ऐवजी ‘कळवाल का’ आहे, तेवढ्याने आदर पुरेसा होतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मंडळींसाठी आणखी एक. मराठी ‘तुम्ही’ पूर्ण आदराचं आहे, ते ग्राहकाला बेधडक वापरा. पण हाच निरोप हिंदीत लिहिताना ‘तुम्ही’चं ‘तुम’ करू नका. हिंदीभाषक ग्राहकाला ते खाली उतरवल्यासारखं वाटतं, तिथे ‘आप’च हवं. इंदूर-भोपाळकडे आपण दिवसभर दोन्ही भाषांत लिहितो आणि घाईत हीच चूक होते.

निरोप चुकला हे ओळखायचं कसं? सहकारी एकदम ‘ओके सर’ लिहितो, म्हणजे तुम्ही जास्त ताठ झालात. वरिष्ठ फोन करून ‘मग मी काय करू?’ विचारतात, म्हणजे प्रश्नच लिहायचा राहिला. ग्राहक गप्प बसतो, ते सगळ्यात धोक्याचं. त्याची शांतता होकार समजू नका. फोन करा आणि खर्च कोणाचा ते त्याच्याच तोंडून ऐका. मी तो एक फोन केला असता, तर बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

भेटू पुढच्या भागात.