ग्रॅच्युइटीवरील आयकर

निवृत्त होताना मिळणारी ग्रॅच्युइटी २० लाखांच्या आत असली की तिच्यावर आयकर नाही, असा अनेकांचा समज आहे. सरकारी सेवकांची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते. खाजगी कारखान्यातील कामगाराला मात्र तीन रकमा ताडून पाहाव्या लागतात : प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, कायद्याच्या हिशेबाने येणारी रक्कम आणि २० लाख ही मर्यादा. तिन्हींपैकी जी सर्वांत कमी, तेवढीच करमुक्त.

समजा, भोरहून शिरवळला कामाला जाणारा एक कामगार २०२३ साली निवृत्त झाला. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ५२,००० रुपये. नोकरी ३० वर्षे ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ३१ वर्षे. महिन्याचे २६ दिवस धरून १५ दिवसांचा पगार ३०,००० रुपये होतो. त्याला ३१ ने गुणले की ९,३०,००० रुपये. कंपनीने खुशीने ११ लाख दिले, तर वरचे १,७०,००० रुपये त्या वर्षीच्या पगारात मिळवून त्यावर कर बसतो.

२० लाखांची मर्यादा २९ मार्च २०१८ पासूनची आहे. त्याआधी ती १० लाख होती. ही मर्यादा जन्मभराची आहे. आधीच्या नोकरीतील ग्रॅच्युइटीवर ४ लाखांची सूट घेतली असेल, तर पुढे १६ लाखच उरतात. म्हणून जुन्या नोकरीचे कागद जपून ठेवावेत आणि कंपनीकडून हिशेबाचा तक्ता लेखी मागून घ्यावा.