नऊ वर्षांचं भाडं पहिल्याच दिवशी ताळेबंदात

मोक्याच्या रस्त्यावर एखाद्या मोठ्या कपड्यांच्या कंपनीचं दुकान थाटलं जातं, तेव्हा आतला माल तिचा असतो, फर्निचर तिचं असतं, पण जागा बहुतेक वेळा भाड्याची असते. करार पाच वर्षांचा, नऊ वर्षांचा, कधी पंधरा वर्षांचाही असतो. २०१९ च्या मार्चपर्यंत अशा दुकानाचं भाडं महिन्याच्या महिन्याला खर्चात जायचं आणि पुढच्या वर्षांची बांधिलकी ताळेबंदात कुठेच दिसत नसे. फार तर टिपांमध्ये एखादा तक्ता असायचा. शंभर दुकानं भाड्यानं घेतलेली कंपनी कागदावर जवळजवळ कर्जमुक्त दिसायची. १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हे लेखामानक लागू झालं आणि हे बदललं. आता भाडेकरू कंपनीला करार सुरू होतो त्या दिवशीच दोन नोंदी कराव्या लागतात. जागा वापरण्याचा हक्क मिळाला म्हणून एक मालमत्ता, जिला राइट-ऑफ-यूज अ‍ॅसेट म्हणतात. आणि पुढची भाडी द्यायची आहेत म्हणून एक देणं, म्हणजे लीज लायबिलिटी.

हे मानक प्रत्येक दुकानदाराला लागू नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या (एसएमई मंचावरच्या वगळून), २५० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्या आणि त्यांच्या उपकंपन्या वगैरे संलग्न कंपन्या यांच्यासाठी ते आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या वहीत भाडं पूर्वीसारखंच खर्चात लिहिलं जातं. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांनाही, त्यात खरेदीचा पर्याय नसेल तर, सूट घेता येते.

महाराष्ट्रात एक शंका हमखास येते. इथे दुकानांचे कितीतरी करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात, आणि कायद्यानं लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे. मग मानक लागू कसं? लेखामानक कराराचं शीर्षक पाहत नाही. नेमकी ठरलेली जागा आहे का, आणि ठरावीक काळ तिचा वापर कसा करायचा हे भाडेकरूच ठरवतो का, एवढंच ते विचारतं. लायसन्सवर घेतलेला, शटर आपल्या ताब्यात असलेला गाळा या कसोटीला उतरतो. मॉलमधला फिरता स्टॉल मात्र उतरणार नाही, जर मॉलवाल्याला तो केव्हाही दुसऱ्या मजल्यावर हलवता येत असेल आणि तसं करण्यात त्याचा फायदाही असेल.

आता एक उदाहरण. समजा, एका नोंदणीकृत कंपनीनं पुण्यात नऊ वर्षांसाठी गाळा घेतला. भाडं महिन्याला एक लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख, आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. त्यामुळे चौथ्या ते सहाव्या वर्षी भाडं वर्षाला १३.८० लाख आणि शेवटची तीन वर्षं १५.८७ लाख होईल. बेरीज केली तर नऊ वर्षांत १२५ लाखांहून किंचित जास्त रक्कम मालकाला जाईल.

ही सगळी रक्कम देणं म्हणून दाखवत नाहीत, कारण नऊ वर्षांनी द्यायचा रुपया आजच्या रुपयाइतका जड नसतो. म्हणून प्रत्येक भाडं व्याजदरानं मागे आणून त्याची आजची किंमत काढतात. दर कोणता घ्यायचा? मानक सांगतं की करारात दडलेला दर काढता आला तर तो घ्या. पण त्यासाठी जागेच्या किमतीबद्दल मालकाचा हिशेब माहीत असावा लागतो आणि तो भाडेकरूला सहसा कळत नाही. म्हणून तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर, कंपनीला ज्या दरानं कर्ज मिळालं असतं तो दर वापरतात. आपल्या उदाहरणात ९ टक्के धरू. सोपं जावं म्हणून भाडं वर्षाअखेर दिलं जातं असं मानू. प्रत्यक्षात ते दरमहा आणि बहुधा आगाऊ असतं, त्यामुळे आकडा थोडा वाढतो. या हिशेबानं देणं येतं ८१.३० लाख.

मालमत्तेचा आकडा याच्याइतकाच नसतो. जागा मिळवताना झालेली दलाली त्यात मिळवायची. ती एक लाख धरू. दुसरी गोष्ट डिपॉझिटची, आणि ती नेहमी निसटते. कंपनीनं मालकाला बिनव्याजी १२ लाख दिले आहेत आणि ते नऊ वर्षांनी परत मिळणार आहेत. त्याच ९ टक्क्यांनी पाहिलं तर या बारा लाखांची आजची किंमत ५.५३ लाखच भरते. उरलेले ६.४७ लाख म्हणजे मालकाला दिलेलं आगाऊ भाडंच, फक्त व्याज सोडण्याच्या रूपात. तेही वापराच्या हक्काच्या किमतीत जातं. म्हणून मालमत्ता होते ८८.७८ लाख. ताळेबंदात डिपॉझिट पूर्ण १२ लाखांना उभं दिसलं, तर हिशेब अर्धवट झाला असं खुशाल समजावं.

यानंतर दोन्ही आकडे वेगवेगळ्या वाटेनं उतरतात. मालमत्तेवर दरवर्षी सारखा घसारा लागतो, ९.८६ लाख. देण्याचं गणित मात्र गृहकर्जाच्या हप्त्यासारखं चालतं. पहिल्या वर्षी ८१.३० लाखांवर ९ टक्क्यांनी ७.३२ लाख व्याज चढतं, १२ लाख भाडं दिलं जातं, आणि वर्षाअखेर देणं ७६.६२ लाखांवर येतं. शेवटच्या वर्षी व्याज फक्त १.३१ लाख असतं आणि देणं शून्य होतं. म्हणजे पहिल्या वर्षी नफा-तोटा पत्रकावर घसारा आणि व्याज मिळून १७.१८ लाखांचा भार पडतो, नवव्या वर्षी ११.१७ लाखांचा. खिशातून जाणारं भाडं मात्र याच्या उलट, पहिल्या वर्षी सर्वांत कमी आणि शेवटी सर्वांत जास्त असतं. एकाच वर्षात बरीच नवी दुकानं उघडणाऱ्या कंपनीचा नफा त्या वर्षी दबलेला दिसतो, त्याचं एक कारण हे आहे.

इथवरचं काम एक्सेलमध्ये तासाभरात होतं. खरी कसोटी वर्षं किती धरायची यात आहे.

भारतातले दुकानाचे करार क्वचितच सरळ नऊ वर्षांचे असतात. करारावर नऊ वर्षं लिहिलेली असतात, पण पहिली तीन वर्षं लॉक-इन, त्यानंतर भाडेकरूला काही महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. मालकाला मात्र नऊ वर्षं काढता येत नाही. मग मुदत तीन की नऊ? तीन धरली तर देणं फक्त ३०.३८ लाख, नऊ धरली तर ८१.३० लाख. गाळा तोच, भाडं तेच, मालक तोच, आणि ताळेबंदात पन्नास लाखांचा फरक. कर्ज कमी दिसावं असं वाटणाऱ्या कंपनीला तीन वर्षं आकर्षक वाटणार, हे उघड आहे.

मानकाची भाषा अशी की रद्द न करता येणारा काळ धरायचा, आणि पुढे निघून जाण्याचा पर्याय भाडेकरू वापरणार नाही याची रास्त खात्री असेल तर तो काळही धरायचा. ही खात्री संचालकांच्या मनातल्या इच्छेवरून ठरत नाही. सोडून जायला आर्थिकदृष्ट्या किती महाग पडेल, त्यावरून ठरते. कंपनीनं या गाळ्यात साठ लाखांचं इंटिरिअर केलं असेल, आणि ते उचलून दुसरीकडे नेता येत नसेल, तर तीन वर्षांनी जाणं म्हणजे त्यातला मोठा भाग पाण्यात टाकणं. जागा त्या रस्त्यावर पुन्हा मिळणं अवघड असेल, तर तेही वजन. अशाच इतर दुकानांतून ही कंपनी आजवर कितव्या वर्षी बाहेर पडली, हेही पाहायचं. दंड म्हणजे करारात लिहिलेली नुकसानभरपाई एवढाच संकुचित अर्थ घेऊ नये, सगळा आर्थिक तोटा पाहावा, असं आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपलं मानक त्याच आंतरराष्ट्रीय मानकावर, आयएफआरएस १६ वर, बेतलेलं आहे.

यातूनच चूक पकडण्याची एक साधी खूण मिळते. कंपनी इंटिरिअरवर नऊ वर्षांत घसारा काढते आणि त्याच दुकानाच्या कराराची मुदत मात्र तीन वर्षं धरते, असं दिसलं तर दोन्हींपैकी एक विधान चुकीचं आहे. तीन वर्षांत निघणार असाल, तर फर्निचर नऊ वर्षं टिकेल असं म्हणता येत नाही.

मॉलमधल्या दुकानांत आणखी एक वळण असतं. तिथे भाडं बहुधा ‘किमान हमी किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, यांत जे जास्त ते’ असं ठरतं. देण्यात फक्त किमान हमी धरायची. विक्रीवर अवलंबून असलेला जादा हिस्सा ज्या वर्षी लागेल त्या वर्षीचा खर्च. म्हणून सारखंच भाडं देणाऱ्या दोन दुकानांपैकी एकाचं देणं मोठं आणि दुसऱ्याचं नगण्य असू शकतं. देखभालीचे पैसे हा सेवेचा मोबदला असल्यानं तो वेगळा काढता येतो, किंवा कंपनीनं तसं धोरण निवडलं तर भाड्यात मिसळता येतो. वसूल होणारा जीएसटी देण्यात येत नाही.

गुंतवणूकदारानं एक गोष्ट विशेष जपावी. भाड्याची ओळ खर्चातून नाहीशी होऊन तिच्या जागी घसारा आणि व्याज येतं, त्यामुळे या दोन्हींच्या आधीचा नफा, म्हणजे एबिटडा, फुगलेला दिसतो. रोखीच्या पत्रकातही देण्याच्या फेडीचा भाग वित्तपुरवठ्याच्या सदरात जातो आणि धंद्यातून आलेली रोकड जास्त दिसते. गल्ल्यात एक रुपयाही वाढलेला नसतो. प्राप्तिकराच्या हिशेबात तर प्रत्यक्ष भाडंच वजा होतं. म्हणूनच अनेक मल्टिप्लेक्स आणि रिटेल कंपन्या निकालांत ‘इंड एएस ११६ शिवाय’ असा दुसरा रकाना देतात.

तुमच्याकडे अशा एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर तिच्या वार्षिक अहवालात भाडेकरारांवरची टीप उघडा. मुदत ठरवताना व्यवस्थापनानं काय गृहीत धरलं, इंटिरिअरचं आयुष्य किती वर्षं धरलं, आणि पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष किती भाडं द्यायचं आहे याचा तक्ता, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील, तर वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.