पहिला कोश कशात बघून लिहिला?

मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहायला घेतली होती. लालबागच्या चाळीत राहणारी सातवीतली मुलगी, आजोबा गिरणीतले साचेवाले. एका संध्याकाळी ती वाचनालयात येते आणि ग्रंथपालांना विचारते, "काका, शब्द अडला की आपण कोशात बघतो. मग पहिला कोश लिहिणाऱ्यानं कशात बघितलं?" गोष्ट इथवर आली आणि अडली. काकांनी काय सांगायचं ते आधी मलाच नीट मांडणं भाग होतं. गोष्ट बाजूला राहिली आणि हा लेख झाला.

काका जाणते असतील तर आधी उलट विचारतील, "अगं, पहिला म्हणजे कुठला?" कारण पहिलेपणाचे दावेदार बरेच आहेत. शिवछत्रपतींच्या काळातला 'राज्यव्यवहारकोश' सर्वांत जुना म्हणावा, तर तो मराठी शब्दांचा अर्थ सांगायला केलेलाच नव्हता. दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणं हे त्याचं काम, आणि त्याची रचना श्लोकांत, विषयवार वर्गांत. पाठ करायला सोयीचा, शब्द शोधायला मात्र नाही. छापील कोशांत मान जातो बंगालमधल्या श्रीरामपूरला. विल्यम कॅरेनं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं केलेला मराठी-इंग्रजी कोश 1810 साली तिथे निघाला, तोही मोडी ठशांत. पुढे 1824 मध्ये मुंबईत व्हान्स केनेडीचा कोश आला. मराठी शब्दांचे अर्थ मराठीतूनच देणारा पहिला मोठा छापील कोश म्हणजे 1829 चा 'महाराष्ट्र भाषेचा कोश'. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले अशा मंडळींनी तो रचला, म्हणून त्याला शास्त्र्यांचा किंवा पंडितांचा कोश म्हणतात. यांतले काही जण जेम्स मोल्सवर्थ या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबरही काम करत होते. मोल्सवर्थ आणि थॉमस व जॉर्ज हे कँडी बंधू यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर या दोन कोशांच्या कामात सापडतं.

उत्तर असं, की त्यांनी कशात बघितलं नाही, ऐकलं. मोल्सवर्थनं आधी स्वतःच्या उपयोगासाठी शब्द टिपायला सुरुवात केली होती. पुढे सरकारी पाठबळ मिळालं आणि शास्त्री पगारावर बसले. शब्द गोळा करणं हा त्यातला सोपा भाग. शब्द येतात ते बाजारात, शेतावर, कचेरीत जसे कानावर पडतील तसे, कसलाही क्रम न पाळता. खरी मेहनत त्यानंतरची.

पहिली अडचण लिहिण्याची. रोजचा व्यवहार मोडीत चाले आणि मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. पत्रात, हिशेबात त्यानं काही बिघडत नाही. कोशात मात्र 'दिन' आणि 'दीन' वेगळ्या जागी बसतात. शब्द वर्णक्रमानं लावायचा तर त्याचं एक रूप ठरवावंच लागतं. ते चुकलं तर शब्द छापलेला असूनही वाचकाला सापडत नाही. किंवा तोच शब्द दोन रूपांत दोन ठिकाणी शिरतो आणि दोन वेगळे शब्द वाटू लागतो. आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो त्याची बरीचशी घडी अशा कामात बसत गेली, हे व्याकरणाच्या नियमांवर तावातावानं भांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

दुसरी अडचण, घ्यायचं काय आणि टाकायचं काय. शास्त्र्यांना संस्कृत मुखोद्गत. अमरकोशातला कुठलाही शब्द मराठीत चालतो म्हटलं तर कोशाला अंतच नाही. उलट बाजूला गावंढळ, अर्वाच्य, फक्त कोकणात चालणारे शब्द. मोल्सवर्थनं इथे दार बरंच उघडं ठेवलं. बोलीतले शब्द घेतले, म्हणी भरपूर घेतल्या, आणि शब्द संस्कृत की फारसी, अरबी की हिंदुस्थानी, नेहमीचा की क्वचितचा, हे खुणेच्या अक्षरांनी नोंदवलं. या खुणा लहानशा दिसतात, पण त्या पाहून वाचकाला शब्दाची पत कळते. खुणा नसत्या तर काव्यातला शब्द आणि भाजीबाजारातला शब्द एकाच रांगेत बसले असते.

तिसरी अडचण अर्थाची, आणि मराठीचा अर्थ मराठीतून देणाऱ्यांना ती जास्त जाचते. जुन्या कोशांत अवघड शब्दाचा अर्थ सोपा मिळतो, पण साध्या वस्तूपाशी कोशकाराची भंबेरी उडते. 'एक वृक्षविशेष', 'एक पक्षिविशेष' असं लिहून सुटका करून घेतलेली असते. नाही तर एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यापाशी बघा आणि दुसऱ्याचा पहिल्यापाशी. नवा कोश हातात आला की मी आधी 'पाणी', 'बसणे' असे शब्द काढून बघतो. कोशकाराची परीक्षा तिथेच होते.

मोल्सवर्थच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे 40 हजार शब्द होते. दुसरी, 1857 ची आवृत्ती 60 हजारांवर गेली. त्याच वर्षी लंडनच्या भाषाशास्त्र मंडळानं इंग्रजी कोशांतून निसटलेले शब्द गोळा करायला समिती नेमली. त्यातून पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश निघाला आणि तो पुरा व्हायला 1928 साल उजाडलं.

आता गोष्टीतल्या मुलीकडे वळू. काका तिला मोल्सवर्थ उघडून देतात. ती आजोबांचा शब्द शोधते, 'साचा'. अर्थ मिळतो ओतकामाचा, ठसा पाडण्याचा. "पण आजोबांचा साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र!" तिचं बरोबर आहे आणि कोशही चुकीचा नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली 1856 मध्ये, ताडदेवला. परळ-लालबागला चिमण्यांची रांग उभी राहिली ती त्यानंतर. तरी सगळा दोष काळावर ढकलता येत नाही. शब्द सांगणारे आणि पारखणारे शास्त्री होते. त्यांच्या कानावर जे पडत नव्हतं ते कोशात येणार कुठून? बायकांच्या, कारागिरांच्या, वस्तीबाहेर ठेवलेल्यांच्या बोलीतलं किती निसटलं असेल, याचा हिशेब कोशात मिळत नाही.

पुढे दाते-कर्वे यांनी 1932 ते 1938 या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग काढले आणि 1950 मध्ये पुरवणी. माझ्या मते आजही मराठीचा खरा आधार तोच. पण गिरणगावाची बोली तिच्या सगळ्या बारकाव्यांनिशी टिपायची तर गिरणीत राबलेल्या माणसाजवळच बसावं लागतं. सूतकताईच्या यंत्राच्या 'थ्रॉसल' या इंग्रजी नावावरून 'त्रासन' झालं, आणि ते खातं 'त्रासन खातं'. 'बदली' म्हणजे रोज दारात उभं राहून, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळालं तर करणारा. एका कामगारानं 'दोन साचे' सांभाळायचे की जास्त, हा वाद 1928 च्या मोठ्या संपाच्या मुळाशी होता. तेव्हा 'साचा'चा हा अर्थ काही घरगुती थट्टेतला नाही. मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास वाचायला तो लागतो.

काकांनी मुलीला शेवटी कोरी चिठ्ठी द्यावी असं मी ठरवलं आहे. वर शब्द लिहायचा, मग लिंग, मग अर्थ. त्याखाली आजोबांनी तो वापरलेलं वाक्य जसंच्या तसं, आणि शेवटी कुठल्या खात्यात, साधारण कुठल्या सालात ऐकला ते. वाक्य नसेल तर चिठ्ठी बाद, कारण नुसता सांगितलेला अर्थ ताडून बघता येत नाही. एका शब्दासाठी निदान दोन निरनिराळ्या माणसांकडून चिठ्ठ्या हव्यात, म्हणजे एका घरातली लकब सगळ्या गिरणीची बोली म्हणून खपत नाही.

1982 च्या गिरणी संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल, तर या दिवाळीत फराळाला बसताना वही-पेन जवळ ठेवा.