ओठांवरचा गारवा आणि उन्हाचा आकडा

भर दुपारी उन्हात उभं राहिलं, की वरच्या ओठावर नाकाची थोडीफार सावली पडते. खालच्या ओठाच्या वाट्याला मात्र सरळ ऊन येतं. त्यात ओठांच्या लालसर भागावरची कातडी गालाच्या मानाने फार पातळ असते. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतात आणि उन्हापासून आडोसा देणारं मेलॅनिनही कमी असतं. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या ओठांना वर्षानुवर्षांच्या उन्हाने जी इजा होते, ती बहुतेक वेळा खालच्या ओठावरच दिसते, त्याचं कारण हे.

आपल्याकडे ओठांची आठवण होते ती थंडीत. ओठ फुटले, पापुद्रे निघाले, की घरात तूप, लोणी किंवा साय असते आणि कोकणात कोकमाच्या बियांचं मुठेल. यातलं मुठेल खरोखर कामाचं आहे. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं, ओठांवर लावलं की हळूहळू मऊ होतं आणि आतला ओलावा उडू देत नाही. पण ऊन अडवण्यासाठी यातल्या कशावरच भरवसा ठेवता येत नाही. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक सर्रास 11च्या वर जातो, म्हणजे 'अतितीव्र' गटात. तेव्हा उन्हाळ्यासाठी एसपीएफ असलेला लिप बाम घ्यावा, हे ओघाने आलंच.

घोळ होतो तो इथे. ऊन अडवणारी ॲव्होबेन्झोन किंवा ऑक्टिसॅलेटसारखी रसायनं चवीला कडवट लागतात. गालावर लावली तर ते कळतही नाही, पण ओठांवर लावली की जिभेला लगेच कळतं. हा कडवटपणा झाकायला उत्पादक पुदिना, दालचिनी, संत्रं किंवा व्हॅनिलाचा स्वाद घालतात आणि बरोबर थोडं मेंथॉलही. म्हणजे उन्हासाठी म्हणून घेतलेल्या कांडीतच ओठांना त्रास देणारे घटक येऊन बसतात.

मेंथॉलने ओठ थंड होत नाहीत. थंडीची जाणीव मेंदूकडे पोचवणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं आणि आपल्याला गार वाटतं. कापूरही असाच झोंबतो आणि मग त्या जागी किंचित बधिरपणा आणतो. तोंडाजवळच्या पुळ्यांची ठसठस कमी करायला हे घटक 'मेडिकेटेड' बाममध्ये आले, आणि तेवढ्यापुरते ते ठीकच आहेत. फुटलेल्या ओठांवर मात्र त्यांची चुरचुर होते. थोड्या वेळाने गारवा ओसरतो, ओठ पुन्हा ओढल्यासारखे वाटतात आणि हात खिशाकडे जातो. काही कांड्यांमध्ये सॅलिसिलिक ॲसिडही असतं. पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीत हेच आम्ल बऱ्याच जास्त तीव्रतेने असतं, कारण कडक कातडी सोलून काढणं हे त्याचं काम. ओठांवर ते पापुद्रे सोडवतं, दोन तास ओठ गुळगुळीत भासतात आणि खालची कोवळी कातडी उघडी पडते.

स्वादाचा त्रास आणखी सरळ आहे. ओठ गोड लागले की माणूस ते चाटतो. लाळ उडून जाताना ओठांचा ओलावाही नेते, आणि लाळेतली पाचक द्रव्यं आधीच सोललेल्या कातडीला चुरचुरतात. लहान मुलांच्या ओठांभोवती लालसर कडं दिसतं, ते बहुतेक वेळा याच चाटण्याचं.

याला लोक बामचं व्यसन म्हणतात. तंबाखूचं किंवा दारूचं लागतं तसलं व्यसन यात नसतं. बाम झोंबतो, ओठ कोरडे पडतात आणि ते शमवायला पुन्हा तोच बाम लावला जातो, एवढाच हा फेरा. म्हणूनच तो तोडताही येतो.

आता दुकानात काय पाहायचं? समजा, काउंटरवर दोन कांड्या आहेत आणि दोन्हींवर 'एसपीएफ 30' छापलंय. पहिलीच्या मागे बारीक अक्षरांत ॲव्होबेन्झोन, होमोसॅलेट, मेण, एरंडेल, फ्लेवर आणि मेंथॉल अशी नावं दिसतात. दुसरीवर पेट्रोलॅटम, शिया बटर, झिंक ऑक्साइड आणि डायमेथिकोन. पहिली ऊन अडवेल, पण दिवसभर चाटवेल आणि झोंबेल. दुसरीतलं पेट्रोलॅटम ओलावा कोंडून ठेवतं, झिंक ऑक्साइड दोन्ही प्रकारचे अतिनील किरण अडवतं आणि त्याला जवळपास चव नसते. तिची खोट एकच, ओठांवर पांढुरकी झाक येते. ती नको असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेली रंगीत कांडी मिळते. यादीत शेवटी असलेलं मेंथॉल अगदी थोडं असतं, हे खरं. तरी ओठ आधीच फुटलेले असतील तर तेवढंही पुरतं.

'नॅचरल' या शब्दावर फार विसंबू नये. पुदिन्याचं तेल, दालचिनीचं तेल, मधमाश्यांचं प्रोपोलिस ही सगळी नैसर्गिकच, आणि ॲलर्जीच्या यादीत नेहमी सापडणारीही. लॅनोलिनने बऱ्याच जणांचे ओठ छान मऊ होतात, काहींचे सुजतात.

एसपीएफचा आकडा फक्त यूव्हीबी किरणांबद्दल, म्हणजे मुख्यतः ओठ भाजवणाऱ्या किरणांबद्दल सांगतो. 15 साधारण 93 टक्के अडवतो, 30 जवळपास 97 आणि 50 सुमारे 98. 30च्या पुढे फारसा फरक पडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा पीएपुढची अधिकच्या चिन्हांची रांग, कारण यूव्हीए किरणांची हमी तिथे असते. शिवाय हा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढलेला असतो. एक फटकारा मारून कांडी खिशात टाकणाऱ्याच्या ओठांवर त्याच्या निम्माही थर क्वचितच बसतो. तेव्हा दोन-तीनदा फिरवून, खालच्या ओठाच्या बाहेरच्या कडेपर्यंत लावायचा.

उन्हात असताना दर दोन तासांनी आणि खाणंपिणं झालं की पुन्हा लावायचा, ही शिफारस खरी आहे. थर पुसला जातो, म्हणून ती आहे. पण घरात बसून, ऊन नसताना, पंधरा-वीस मिनिटांत हात कांडीकडे जात असेल तर तिच्यातल्या घटकांवर संशय घ्यावा.

तपासणी सोपी आहे. दोन आठवडे ती कांडी बाजूला ठेवायची. रात्री आणि घरात असताना बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली लावायची, बाहेर पडताना झिंकवाला बिनस्वादाचा बाम. पहिले काही दिवस ओठ ओढल्यासारखे वाटतील, पापुद्रे निघतील. ते दाताने काढायचे नाहीत. या काळात दालचिनीची किंवा जोरदार पुदिन्याची टूथपेस्ट चालू असेल तर तीही बदलावी, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

दोन-तीन आठवड्यांनीही फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. ॲलर्जीचा संशय असेल तर ते पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. संशय ऊन अडवणाऱ्या रसायनाचा असेल तर त्याच जागेवर अतिनील प्रकाश टाकूनही पाहतात. ओठांच्या फक्त कोपऱ्यांत भेगा असतील तर बुरशी किंवा जीवनसत्त्वांची कमतरता तपासावी लागते, तिथे बामचा उपयोग नाही. आणि खालच्या ओठावर खरखरीत पांढुरका डाग पडला, ओठ आणि कातडी यांच्यामधली रेघ पुसट झाली, किंवा एखादी जखम आठवडेच्या आठवडे भरत नसेल, तर ते बहुधा उन्हाने केलेलं नुकसान असतं. ते पुढे कर्करोगाकडे झुकू शकतं, म्हणून डॉक्टर त्या जागेचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवतात.